पूर्णविराम, दंड आणि मधली मोकळी जागा

इंटरनेटवरच्या मराठी मजकुरात वारंवार दिसणाऱ्या खोड्या एकाच वाक्यात गोळा केल्या, तर ते असं दिसेल:

```
आजी म्हणाली ,"दु:ख करू नकोस ." |
```

अर्थ लागतो, म्हणून वाचणारा पुढे जातो. संगणक मात्र चिन्हाच्या रूपाकडे पाहत नाही, त्याच्या क्रमांकाकडे पाहतो. म्हणून हे वाक्य शेवटाकडून नीट करत जाऊ.

आधी ती उभी रेघ. मराठी गद्यातलं वाक्य पूर्णविरामाने संपतं, हिंदीतलं दंडाने. इंग्रजी वळणाची विरामचिन्हं मराठीत रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचं. पोथ्यांमधला दंड पद्यात मात्र टिकून राहिला. श्लोकाच्या अर्ध्यावर एक दंड आणि शेवटी दोन, ही रीत आपण आजही पाळतो. मराठी बातमीत वाक्यागणिक दंड दिसला, तर मजकूर हिंदीवरून उतरवला असावा अशी शंका येते, आणि बहुधा ती रास्तच असते.

आपल्या वाक्यातली रेघ तर दंडही नाही. दंडाचा युनिकोड क्रमांक U+0964 आहे, दुहेरी दंडाचा U+0965. इथे आहे ती इंग्रजी कळफलकावरची रेघ, U+007C. दंड साधारणपणे शिरोरेषेपासून सुरू होतो आणि अक्षराच्या उंचीतच राहतो. ही रेघ बहुतेक फॉन्टांमध्ये शिरोरेषेच्या वर डोकावते. अभंगांचा अख्खा संग्रह या रेघेने टंकला, तर त्यात दंड शोधणाऱ्याला एकही सापडत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून पूर्णविरामाची कळ दाबली की खरा दंड उमटतो. आपल्या वाक्याला मात्र त्याची गरजच नाही, रेघ काढून टाकायची.

आता ‘दु:ख’. इथे विसर्गाच्या जागी अपूर्णविराम पडला आहे. विसर्ग, U+0903, हा शब्दाचाच भाग. अपूर्णविराम हे स्वतंत्र चिन्ह. त्यामुळे ‘दुःख’ शोधणाऱ्याला हा शब्द हुकू शकतो आणि शुद्धलेखन तपासणीत तो चुकीचा ठरतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि `-` यांनी विसर्ग मिळतो. एकदम सगळीकडे बदल करण्याचा मोह इथे आवरायला हवा, कारण ‘५:३०’ किंवा ‘पत्ता:’ यांतला अपूर्णविराम बरोबर आहे. दोन्ही बाजूंना मराठी अक्षरं चिकटलेली असतील, तिथे बहुतेक वेळा विसर्गच हवा असतो. ‘स्वतः’, ‘अंशतः’, ‘विशेषतः’ यांच्या शेवटी तो येतो, तिथे एकेक जागा डोळ्यांनीच तपासावी लागते.

उरली मोकळी जागा आणि अवतरणचिन्हं. ही दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत, की त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. विरामचिन्ह आधीच्या शब्दाला चिकटतं, मोकळी जागा त्याच्यानंतर येते. ‘म्हणाली ,’ असं लिहिलं, की त्या मोकळ्या जागेवर ओळ तुटू शकते आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर बिचारा स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. फोनवर सुचवलेला शब्द निवडला की अनेक कीबोर्ड त्याच्यामागे आपणहून जागा सोडतात, हे याचं एक मोठं कारण.

स्वल्पविरामानंतर जागा न सोडण्याचा परिणाम आणखी वेगळा. वर्ड प्रोसेसर सरळ `"` चं वळणदार चिन्ह करताना मुख्यतः त्याच्या आधी काय आहे ते पाहतो. आधी मोकळी जागा असेल तर सुरुवातीचं “, अक्षर किंवा विरामचिन्ह असेल तर शेवटचं ”. आपल्या वाक्यात आधी स्वल्पविराम चिकटलेला आहे, म्हणून आजीचं बोलणं सुरू होण्याआधीच मिटलेलं दिसेल:

```
आजी म्हणाली ,”दुःख करू नकोस .”
```

दोन्ही चिन्हं एकाच बाजूला वळलेली दिसली, तर जागा चुकली असं समजावं. म्हणून आधी जागा दुरुस्त करायच्या: ‘शोधा आणि बदला’मध्ये मोकळी जागा व स्वल्पविराम ही जोडी शोधून नुसता स्वल्पविराम घालायचा, पूर्णविरामाचंही तसंच, आणि स्वल्पविरामानंतर जागा सोडायची. मग अवतरणचिन्हं नव्याने टंकायची. बोललेले शब्द दुहेरी चिन्हांत, एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचं तर एकेरी. आजीचं वाक्य अवतरणाच्या आतच पूर्ण होतं, म्हणून पूर्णविरामही आत, आणि बाहेर दुसरा नको:

```
आजी म्हणाली, “दुःख करू नकोस.”
```

एचटीएमएलच्या खुणांमध्ये मात्र सरळ `"` तसंच ठेवायचं. तिथे वळणदार चिन्ह शिरलं, तर ब्राउझर ते अवतरण म्हणून ओळखत नाही आणि दुवा तुटतो.