विमानामागची पांढरी रेघ

ती रेघ धुराची नसते, बर्फाची असते. एक किलो विमान-इंधन जळलं की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ४० अंशांहून थंड हवेत, ही वाफ इंजिनातून निघालेल्या काजळीच्या कणांवर थेंब होऊन बसते आणि लगेच गोठते. म्हणूनच इंजिन आणि रेघ यांच्यात थोडी मोकळी जागा दिसते.

हवा कोरडी असेल तर रेघ मिनिटभरात विरते. दमट असेल तर तासन्‌तास पसरत ढगच होतो, आणि रात्री तो जमिनीची उष्णता अडवतो. मला यातलं हेच जास्त काळजीचं वाटतं.

कार्बन डायऑक्साइडसोबत गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही बाहेर पडतात. यातला नायट्रोजन मुख्यतः इंधनातला नसतो. इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो.