वेबसाइटवर पैसे घेताना

कोल्हापुरी चपला बनवणारा एखादा कारागीर स्वतःची छोटी वेबसाइट काढतो. एका जोडाची किंमत अडीच हजार रुपये. दुकानातला क्यूआर कोडच तिथे लावावा आणि गिऱ्हाइकाने पैसे भरून स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवावा, असे त्याला वाटणे साहजिक आहे. यात खर्च काहीच नाही. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर बँकांनी व्यापाऱ्याकडून घ्यायचे शुल्क, म्हणजे एमडीआर, जानेवारी २०२० पासून शून्य आहे. दिवसाला दोन-तीन ऑर्डरी असतील तर हा मार्ग चांगलाच आहे. मात्र स्क्रीनशॉटवर विसंबून माल पाठवू नये, कारण तसे चित्र कुणालाही तयार करता येते. आपल्या खात्यात रक्कम दिसली आणि तिचा बारा आकडी यूटीआर क्रमांक गिऱ्हाइकाने दिलेल्या क्रमांकाशी जुळला, तरच पार्सल बांधावे.

ऑर्डरी वाढल्या की ही जुळवाजुळव आवरत नाही, शिवाय कार्डाने पैसे घेता येत नाहीत ते वेगळेच. तिथे पेमेंट गेटवे लागतो. रेझरपे, कॅशफ्री, पेयू या त्यातल्या ओळखीच्या कंपन्या. बहुतेकांचा जाहीर दर दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे अडीच हजारांच्या जोडावर पन्नास रुपये शुल्क, नऊ रुपये जीएसटी, आणि कारागिराच्या खात्यात २,४४१ रुपये. हे पैसेही लगेच येत नाहीत. साधारणपणे कामाचे एक-दोन दिवस जातात. परदेशी कार्डांचा दर याहून जास्त असतो.

यूपीआयला शुल्क नाही, मग हे पन्नास रुपये कशाचे, असा प्रश्न अनेकांना पडतो. एमडीआर शून्य असला तरी गेटवे आपल्या सेवेचे पैसे वेगळे लावू शकतो, आणि अनेक गेटवे ते यूपीआयवरही लावतात. म्हणून करार करण्याआधी यूपीआय, डेबिट कार्ड आणि क्रेडिट कार्ड यांचे दर वेगवेगळे विचारावेत. गिऱ्हाइकाला पैसे परत केले तरी हे शुल्क सहसा परत मिळत नाही, हेही किंमत ठरवताना धरावे. चपलांच्या धंद्यात माप चुकल्याने जोड परत येणे नेहमीचेच आहे.

खाते उघडायला पॅन, बँक खाते, पत्त्याचा पुरावा आणि असल्यास जीएसटी किंवा उद्यम नोंदणी लागते. एकट्याच्या नावावरचा धंदाही चालतो. अर्ज अडकतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक म्हणजे पॅनवरचे आणि बँकेतले नाव जुळत नाही. दुसरे म्हणजे वेबसाइटवर संपर्काचा पत्ता, अटी, गोपनीयता, माल पोहोचवण्याचे आणि पैसे परत करण्याचे नियम यांची पाने नसतात. ही पाने आधी लिहून मगच अर्ज करावा.

मंजुरीनंतर दोन प्रकारच्या किल्ल्या मिळतात, चाचणीच्या आणि खऱ्या. प्रत्येक किल्लीचा गुप्त भाग सर्व्हरवरच राहिला पाहिजे. तो वेबसाइटच्या उघड्या कोडमध्ये टाकू नये. रक्कमही सर्व्हरनेच ठरवावी, नाहीतर गिऱ्हाईक ब्राउझरमध्ये किंमत बदलू शकते. रेझरपेमध्ये रक्कम पैशांत लिहितात: अडीच हजारांसाठी `250000`. तिथे `2500` लिहिले, तर जोड पंचवीस रुपयांना विकला जाईल.

खरी अडचण पुढे येते. गिऱ्हाइकाने यूपीआय पिन टाकला, खात्यातून पैसे गेले, पण त्याच क्षणी फोनचे नेटवर्क गेले आणि ‘ऑर्डर मिळाली’ हे पान उघडलेच नाही. वेबसाइट त्या पानावरच विसंबून असेल तर पैसे जमा आणि ऑर्डर गायब! त्यासाठी वेबहुक बसवतात: पैसे मिळाले की गेटवे थेट आपल्या सर्व्हरला निरोप पाठवतो, गिऱ्हाइकाचा फोन चालू असो वा नसो. त्या निरोपासोबतची डिजिटल सही तपासून मगच ऑर्डर पक्की करावी. एकच निरोप दोनदाही येऊ शकतो, म्हणून पेमेंट क्रमांक आधी नोंदला गेला आहे का हे पाहावे. नाहीतर एका पैशात दोन जोड जातील. चाचणी करताना पैसे भरल्याबरोबर ब्राउझर मुद्दाम बंद करून बघा. तरीही ऑर्डर नोंदली गेली, तर बांधणी बरोबर आहे.

कधी पैसे गिऱ्हाइकाकडून कापले जातात, पण व्यापाऱ्यापर्यंत त्याची खात्री पोहोचतच नाही. अशा वेळी फोन आला, तर घाबरून स्वतःच्या खिशातून पैसे पाठवू नका. बँकेकडूनही ते परत गेले तर दुहेरी परतावा होईल. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत झाली पाहिजे, आणि उशीर झाला तर गिऱ्हाइकाला दररोज शंभर रुपये भरपाई मिळते. हा नियम परताव्याच्या पानावर साध्या मराठीत लिहून ठेवा.