जर्नल क्लबमध्ये ट्रायलची चिकित्सा कशी मांडायची?

जर्नल क्लबमध्ये अनेक पीजी विद्यार्थी पेपरचा सारांशच वाचून दाखवतात आणि चिकित्सा शेवटच्या स्लाइडवर ढकलली जाते. नेमका क्रम कसा हवा, हे ब्रिटनमधल्या २०२० च्या 'रिकव्हरी' ट्रायलवरून पाहू.

पहिल्या स्लाइडवर फक्त प्रश्न घ्यावा: दाखल कोविड रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत डेक्सामेथासोन दिल्यास २८ दिवसांतले मृत्यू घटतात का?

मग रुग्णांची विभागणी. ती यादृच्छिक होती, पण औषध कोणाला मिळतंय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं. सर इथेच अडवतात. मृत्यूची नोंद कोणाच्या मतावर ठरत नाही, हे त्यावरचं उत्तर. वेदना मोजली असती, तर आक्षेप गंभीर ठरला असता.

सर्वाधिक वेळ निकालाला द्यावा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांवर ४१.४ टक्के, तर औषध मिळालेल्यांत २९.३ टक्के मृत्यू झाले. म्हणजे साधारण आठ जणांना औषध दिल्यावर एक मृत्यू टळतो. ऑक्सिजन लागत नसलेल्यांत मात्र फायदा दिसला नाही: १४ विरुद्ध १७.८ टक्के, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो. त्यामुळे एकूण आकड्यावर थांबलं, तर ऑक्सिजनविना बऱ्या असलेल्या रुग्णालाही स्टेरॉइड लिहिलं जाण्याचा धोका राहतो.