आज सौदा नाही

फोर्टमधल्या ब्रोकरच्या ऑफिसात एक शेअर सकाळपासून 500 ते 504 मध्येच घुटमळत होता. शिकाऊ पोराने 504 ओलांडताच 200 शेअर घेतले. 501चा स्टॉपलॉस उडाला. मग चिडून 500ला विकले, तेही 503ला कापावे लागले. 1200 रुपये गेले, दलाली आणि कर वेगळेच.

“काका, परत घेऊ?”

“माउसवरचा हात काढ आधी. व्हॉल्यूम बघ, सकाळच्या निम्माही नाही. अशात भाव पट्ट्याबाहेर डोकावतो, टिकत नाही. पंधरा मिनिटांची कँडल बाहेर बंद होऊ दे, तीही वाढत्या व्हॉल्यूमवर.”

“तरी फसलं तर?”

“फसतं की! म्हणून पहिला सौदा निम्म्याच शेअरांचा.”

साडेतीनला भाव 502 होता. तशी कँडल आलीच नव्हती.