धडधड हृदयाची की कॉफीची?

लोणंद : बाजारपेठेतील दिवसभराची धावपळ आटोपून रात्री अंथरुणाला पाठ टेकावी आणि छातीत धडधड सुरू व्हावी, हातांना बारीक कंप सुटावा, मन विनाकारण धास्तावावे, असा अनुभव अनेकांना येतो. तपासणीत हृदयाचा दोष आढळला नाही, तर दिवसभरातील चहा-कॉफीचा हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरते.

जागेपणी मेंदूत साचत जाणारे अ‍ॅडिनोसिन हे रसायन शरीराला विश्रांतीची सूचना देते. कॅफिन ही सूचना अडवून धरते आणि अ‍ॅड्रिनलिनचा स्राव वाढवते. त्यातून उद्भवणारी धडधड भीतीच्या लक्षणांसारखीच असते. साहजिकच मन तिला संकट समजते आणि ती आणखी वाढते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सुचवली. १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, तर एका चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. समजा, एखाद्याने सकाळी सातला फिल्टर कॉफी (१००), दहाला व दुपारी चारला चहा (प्रत्येकी ४०) आणि संध्याकाळी सहाला इन्स्टंट कॉफी (६०) घेतली. एकूण २४० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत. मात्र शरीरातील कॅफिन निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात. त्यामुळे रात्री अकरालाही सुमारे ६३ मिलिग्रॅम, म्हणजे एक पूर्ण कप इन्स्टंट कॉफीइतके कॅफिन उरते. ज्यांचे यकृत ते संथपणे मोडते आणि ज्यांना याच कामासाठी दहा तास लागतात, त्यांच्यात ते ११५ च्या घरात असते. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या व काही प्रतिजैविकांमुळेही हा वेग मंदावतो.

आपली मर्यादा ओळखण्यासाठी आठवडाभर प्रत्येक पेयाची वेळ, प्रमाण आणि धडधड सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. पेयानंतर तासाभरात धडधड सुरू होऊन काही तासांत ओसरत असल्यास संशय बळावतो. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी प्रमाण एक चतुर्थांश कमी करावे. एकदम बंद केल्यास दुसऱ्या दिवसापासून डोकेदुखी आणि चिडचिड सुरू होते आणि कॉफीविनाच त्रास वाढला, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दोन आठवडे त्रास न झाल्यास सकाळी अर्धा कप घेऊन पाहावे. त्रास परतला नाही, तर हळूहळू वाढवावे. जिथे तो परततो, त्याच्या एक पायरी अलीकडचे प्रमाण ही आपली मर्यादा. दुपारनंतरचा कप टाळल्यास अनेकांना तेवढ्यानेच आराम पडतो.

छातीत दुखणे, चक्कर, धाप लागणे वा नाडी अनियमित होणे ही लक्षणे असल्यास मात्र प्रयोग न करता ईसीजी करून घ्यावा. थायरॉइड व रक्तक्षयामुळेही अशीच धडधड होते.