अर्ध्यावर तुटलेल्या उत्तराचा खर्च

भाषा-मॉडेलच्या एपीआयकडून ॲपला उत्तर दोन प्रकारे घेता येते: पूर्ण तयार झाल्यावर एकदम, किंवा तयार होईल तसे तुकड्यातुकड्यांनी. दुसऱ्या प्रकाराला स्ट्रीमिंग म्हणतात आणि त्यासाठी अनेक एपीआयमध्ये विनंतीत `"stream": true` लिहितात. त्याने उत्तर लवकर संपत नाही, पण पहिले शब्द लगेच दिसत असल्याने वाट पाहणे जड जात नाही.

स्ट्रीमिंगमध्ये टाइमआउट कशावर लावायचा, हा प्रश्न येतो. एकूण वेळेवर २० सेकंदांची मर्यादा घातली, तर सुरळीत येणारे लांब उत्तरही मध्येच तोडले जाते. म्हणून मुख्य मर्यादा दोन तुकड्यांमधल्या शांततेवर असावी: उदाहरणार्थ, १५ सेकंदांत काहीच आले नाही तर जोडणी बंद करायची. एकूण वेळेसाठी वेगळी, सैल मर्यादा ठेवता येते.

अपयश आल्यावर पुन्हा प्रयत्न करण्याआधी कारण पाहावे लागते. 400 किंवा 401 म्हणजे विनंती किंवा चावी चुकीची. तीच विनंती पुन्हा पाठवून उपयोग नसतो. 429 म्हणजे विनंत्यांची मर्यादा ओलांडली, तर 503 म्हणजे सेवा तात्पुरती उपलब्ध नाही. तेव्हा `Retry-After` मध्ये सांगितलेला वेळ थांबावे. तो नसेल तर 1, 2, 4 सेकंद असे वाढते अंतर ठेवून त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळावा, म्हणजे सगळी ॲप एकाच क्षणी परत धडकत नाहीत.

प्रवाह अर्ध्यावर तुटला तर पेच वाढतो. सर्व्हरने 200 आधीच कळवलेले असते आणि अर्धा मजकूर पडद्यावर असतो. नव्या प्रयत्नात उत्तर वेगळ्या शब्दांत येऊ शकते, त्यामुळे ते जुन्याला जोडता येत नाही. जुना मजकूर पुसून नव्याने सुरुवात करावी, किंवा ‘उत्तर अपूर्ण’ असे दाखवून पुन्हा विचारायचे की नाही हे वापरणाऱ्यावर सोडावे.

खर्चाची मर्यादा इथेच कसाला लागते. समजा, दर दहा लाख टोकनांना आत जाण्यासाठी 3 डॉलर आणि बाहेर येण्यासाठी 15 डॉलर आहे. विनंतीत 2,000 टोकन आणि `max_tokens` 800 असेल, तर एका प्रयत्नाचा कमाल खर्च 0.006 + 0.012 = 0.018 डॉलर. ही रक्कम पाठवण्यापूर्वीच दिवसाच्या शिल्लकीतून राखून ठेवावी. नाहीतर एकाच वेळी आलेल्या दहा विनंत्यांना तीच शिल्लक दिसते. उत्तर संपल्यावर वापराचा आकडा मिळतो, तेव्हा उरलेली रक्कम परत करावी. प्रवाह तुटला तर हा आकडा येत नाही. मग राखलेली रक्कम खर्चच धरावी आणि प्रत्येक नव्या प्रयत्नासाठी नव्याने राखावी. हा हिशेब आणि एपीआयची चावी सर्व्हरवरच ठेवावी; मोबाइल ॲपमधली चावी कोणी काढून घेतली, तर मर्यादेला अर्थ उरत नाही.