‘जेवलीस का?’च्या पुढे काय?

चॅटवर ‘हाय’ झालं, ‘जेवलीस का?’ झालं, समोरून ‘हो’ आलं. आता पुढे? ‘काय जेवलीस?’ विचारावं तर बावळटपणा वाटतो, न विचारावं तर विषय संपला. आजी हाच प्रश्न विचारते तेव्हा तो प्रश्न नसतोच, माया असते. नव्या ओळखीत मात्र तो ‘हो’पाशी येऊन थांबतो.

समजा, होस्टेलवरचा तुमचा पहिला आठवडा आहे. मेसमध्ये समोर नवी रूममेट बसलीये. तुम्ही सुरू करता.

‘लातूरची ना तू?’ ‘हो.’
‘बारावी तिथेच केलीस?’ ‘हो.’
‘होस्टेल आवडलं का?’ ‘ठीके.’
‘मेस बरी आहे ना?’ ‘हो, बरीये.’

आणि तिने मोबाइल काढला. मुलगी शिष्ट आहे, असं तुम्ही मनात नोंदवून टाकता. पण नीट बघा, या संभाषणातली सगळी माहिती तुमच्याच तोंडून आलीये. लातूर तुम्ही म्हणालात, बारावी तुम्ही म्हणालात, मेस ‘बरी’ असल्याचंही तुम्हीच ठरवून टाकलंत. तिच्या वाट्याला फक्त टिकमार्क करणं आलं.

आपल्या भाषेत हा घोळ दोन छोट्या शब्दांपाशी होतो. वाक्याच्या शेवटी ‘का’ आला की उत्तर हो किंवा नाही. ‘ना’ त्याहून वाईट, कारण त्यात ‘हो’च म्हण अशी गळ असते. मेस भिकार वाटत असली तरी पहिल्या भेटीत ‘बरी आहे ना?’ला कोण कशाला ‘नाही’ म्हणेल?

आता तेच जेवण, तीच मुलगी.

‘लातूरहून इथे यायचं कसं ठरलं?’
‘काही खास नाही गं. ताई इथेच शिकली, मग घरचे म्हणाले तूही जा.’
‘मग ताईने काय काय सांगून ठेवलंय?’
‘एकच. रविवारी रात्री मेस बंद असते, शनिवारीच मॅगी आणून ठेव!’

हसू आलं, आणि रविवारचा प्लॅनही निघाला. पहिल्या उत्तरात तिने ‘ताई’ हा धागा सोडला होता, तुम्ही तो उचललात. इथे बरेच जण चुकतात. प्रश्न छान विचारतात, पण उत्तर चालू असताना डोक्यात पुढचा प्रश्न जुळवत बसतात, मग ताई राहते बाजूला आणि ‘बरं, तुझे छंद कोणते?’ येतं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अनोळखी लोकांच्या गप्पांमध्ये, मिळालेल्या उत्तरावरूनच पुढचा प्रश्न विचारणारे लोक समोरच्याला जास्त आवडले, असं त्यात दिसलं.

कसं, काय, कोणतं हे शब्द कामाचे. पण ‘का’ जरा जपून. तो शेवटून उचलून मध्ये ठेवला की एकदम जाब विचारल्यासारखा वाटतो. ‘मेकॅनिकल का घेतलंस?’ हे ऐकलं की लग्नात भेटलेले काका आठवतात आणि माणूस सफाई द्यायला लागतो. ‘मेकॅनिकलकडे कशी वळलीस?’ म्हटलं की ती गोष्ट सांगते.

आणि प्रश्न मोकळा म्हणजे अवाढव्य नव्हे. ‘स्वतःबद्दल सांग ना काहीतरी’ म्हणालात की व्हायवा सुरू. ‘बाकी काय?’चंही तसंच, उत्तर ठरलेलं: ‘काही नाही, तू बोल.’ जागा लहान ठेवा, उत्तर मोकळं सोडा. ‘आठवड्याभरात इथलं सगळ्यात विचित्र काय वाटलं?’ याला प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. आणि दोनेक प्रश्नांनंतर आपलंही सांगा. नाहीतर ती बोलतेय, तुम्ही विचारताय, आणि तिला पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतंय.

एवढं करूनही उत्तरं एका शब्दाचीच आली, उलट प्रश्न एकही आला नाही, कानात इअरफोन गेले, तर ती दमलेली असेल, किंवा तिला आत्ता बोलायचं नसेल. चौथा प्रश्न कितीही सुंदर सुचला तरी गिळून टाका.

हो-नाहीच्या प्रश्नांना अगदीच हद्दपार करू नका. जिथे समोरच्याला सहज ‘नाही’ म्हणता यायला हवं, तिथे तेच हवेत. ‘इथे बसू का?’, ‘नंबर देशील का?’, ‘चहाला येतेस का?’ इथे ‘मग चहाला कधी भेटायचं?’ असं विचारणं म्हणजे तिचा ‘हो’ गृहीत धरणं, आणि ते लगेच कळतं. ‘आज नको’ असं उत्तर आलं, तर त्याच्या पुढे मात्र ‘का?’ लावायचा नाही.